तूर महागली की उतारा घटला? नफ्याचा पूल बांधताना आलेला अनुभव

जळगावच्या औद्योगिक वसाहतीतील एका डाळमिलमध्ये हिशेब विभागात मी रुजू झालो, तेव्हा वाणिज्य शाखेची पदवी हाती होती आणि ताळेबंद वाचता येत होता. पहिल्याच मार्चअखेरीनंतर शेठजींनी विचारले, “गेल्या वर्षापेक्षा माल जास्त विकला, भावही चांगला मिळाला, मग नफा कमी का?” मी दोन वर्षांची नफा-तोटा पत्रके शेजारी शेजारी ठेवून त्यांच्यासमोर धरली. प्रत्येक ओळीतील फरक त्यात होता, पण शेठजींच्या प्रश्नाचे उत्तर नव्हते. ते उत्तर ज्या तक्त्यातून मिळाले, त्याला आमच्या सनदी लेखापालांनी ‘नफ्याचा पूल’ म्हटले. इंग्रजी नावाने तो वॉटरफॉल चार्ट म्हणून ओळखला जातो. डावीकडे गेल्या वर्षीच्या कार्यकारी नफ्याचा उभा स्तंभ, उजवीकडे यंदाच्या नफ्याचा स्तंभ, आणि मध्ये नफा वाढवणारे व घटवणारे घटक एकापुढे एक तरंगत्या पट्ट्यांनी दाखवलेले, असे त्याचे रूप असते. कार्यकारी नफा म्हणजे व्याज आणि आयकर वजा करण्यापूर्वीचा, धंद्यातूनच झालेला नफा. हंगामात तूर भरून ठेवण्यासाठी घेतलेल्या कॅश क्रेडिटचे व्याज त्यामुळे या पुलावर येत नाही.

माझा पहिला पूल चुकीचा होता. विक्री वाढली म्हणून एक मोठी हिरवी पट्टी, खरेदी वाढली म्हणून तेवढीच मोठी लाल पट्टी, आणि शेवटी जे जुळेना ते ‘इतर’ या नावाखाली टाकलेले. बेरीज बरोबर येत होती, पण विक्री वाढण्यात जास्त मालाचा वाटा किती आणि जास्त भावाचा किती, हे त्यातून कळत नव्हते. नवीन माणसाकडून हीच चूक सर्वांत जास्त होते, म्हणून ती कशी सुधारली ते आकड्यांसह सांगतो. मूळ आकडे मिलचे खाजगी असल्याने येथे सोपे केलेले आकडे घेतले आहेत. रीत मात्र तीच आहे.

गेल्या वर्षी 40,000 क्विंटल तूरडाळ सरासरी 11,000 रुपये भावाने विकली. त्या एका क्विंटल डाळीमागे चुनी-टरफलाचे उत्पन्न वजा करून तुरीचा खर्च 10,000 रुपये आला. वीज, बारदान, हमाली आणि भाडे मिळून 350 रुपये लागले. म्हणजे क्विंटलमागे 650 रुपये उरले, एकूण 260 लाख. पगार, देखभाल, घसारा असा स्थिर खर्च 140 लाख वजा जाता कार्यकारी नफा 120 लाख झाला. यंदा 44,000 क्विंटल डाळ 11,400 रुपयांनी गेली, तुरीचा खर्च 10,450 आणि इतर बदलता खर्च 370 रुपये झाला, स्थिर खर्च 151.2 लाख झाला, आणि नफा 104 लाखांवर आला. या 16 लाखांच्या घटीचा पूल बांधायचा होता.

पहिली पट्टी मालाच्या प्रमाणाची. जास्तीचा 4,000 क्विंटल माल विक्रीच्या भावाने मोजायचा नाही, तर गेल्या वर्षी क्विंटलमागे उरलेल्या 650 रुपयांनी मोजायचा, कारण माल जास्त विकला तर तूरही जास्त लागतेच. ही पट्टी 26 लाखांची वाढ दाखवते. पुढे भाव आणि दर यांचा फरक मात्र यंदाच्या 44,000 क्विंटलवर मोजायचा: डाळीचा भाव 400 रुपयांनी वाढला, म्हणून 176 लाखांची वाढ, तुरीचा खर्च 450 रुपयांनी वाढला, म्हणून 198 लाखांची घट. कोणी भावाचा फरक गेल्या वर्षीच्या 40,000 क्विंटलवर मोजला, तर 160 लाख येतात आणि उरलेले 16 लाख कुठे घालावेत हा प्रश्न पडतो. दोन्ही रीती चालतात. पण एक निवडून ती तक्त्याखाली लिहून ठेवावी आणि दरवर्षी तीच पाळावी, नाहीतर दोन वर्षांचे पूल एकमेकांशी जुळत नाहीत.

येथवर पाहता असेच वाटत होते की तूर महागली आणि तेवढा भाव डाळीला मिळाला नाही. परंतु लेखापालांनी 198 लाखांची ती एक पट्टी फोडायला लावली, आणि सगळा अर्थ बदलला. डाळीमागचा तुरीचा खर्च दोन गोष्टींवर ठरतो: तुरीचा बाजारभाव आणि तिचा उतारा, म्हणजे तुरीपासून मिळणाऱ्या डाळीचे प्रमाण. गेल्या वर्षी तूर क्विंटलला 7,560 रुपयांना मिळाली आणि उतारा 72 टक्के आला, म्हणजे क्विंटलभर डाळीला 10,500 रुपयांची तूर लागली. यंदा भाव 7,665 आणि उतारा 70 टक्के, म्हणजे 10,950 रुपयांची. चुनी-टरफलाचे 500 रुपये दोन्ही वर्षी सारखे धरले आहेत. उतारा 72 टक्केच राहिला असता, तर भाववाढीचा बोजा क्विंटलमागे सुमारे 146 रुपये, एकूण 64.2 लाख इतकाच पडला असता. उरलेले 133.8 लाख उतारा दोन टक्क्यांनी घसरल्यामुळे गेले. म्हणजे तुरीच्या महागाईपेक्षा डाळीच्या भाववाढीने 112 लाख जास्त आणून दिले होते, आणि ते सारे उताऱ्याने खाल्ले.

आता पूल असा झाला: 120 पासून माल वाढल्याने 146, डाळीच्या भावाने 322, तुरीच्या भावाने 257.8, उताऱ्याने 124, बदलत्या खर्चाने 115.2 आणि स्थिर खर्चाने 104. भाव आणि तूर यांच्या पट्ट्या मुद्दाम शेजारी ठेवाव्यात, कारण त्या दोन्ही एकाच बाजारातून येतात आणि वाचणाऱ्याला त्यांचा निव्वळ परिणाम डोळ्यांनीच मोजता आला पाहिजे.

एक्सेल 2016 पासून हा तक्ता तयार मिळतो, परंतु शेवटच्या स्तंभावर उजवी टिचकी मारून `Set as total` निवडायचे राहिले, तर 104 हा आकडा आणखी एक वाढ समजून वर तरंगू लागतो आणि शेवट 208 वर जातो. तसे दिसले की हीच चूक झाली असे समजावे. उभा अक्ष शून्यापासूनच सुरू करावा. तो 100 पासून सुरू केला, तर 120 चा स्तंभ 104 च्या स्तंभाच्या पाचपट उंच भासतो. शेवटचा आकडा नफा-तोटा पत्रकातील कार्यकारी नफ्याशी जुळवल्याशिवाय तक्ता कोणाला दाखवू नये, आणि जुळवण्यासाठी ‘इतर’ची पट्टी वापरू नये. माझ्या पहिल्या तक्त्यातील ‘इतर’मध्ये एक भाड्याचे बिल दोनदा चढलेले होते, ते पट्टी फोडल्यावरच सापडले.

पूल कारण दाखवत नाही, फक्त कारण कुठे शोधायचे ते दाखवतो. त्यामुळे पुढचे काम तक्त्याबाहेर होते. मी वजनकाट्याच्या पावत्या आणि रोजच्या भरडणीची वही लॉटनुसार जुळवली. तेव्हा दिसले की उतारा सगळ्या वर्षभर पडला नव्हता. हंगामाच्या सुरुवातीला घेतलेल्या ओल्या तुरीच्या लॉटमध्येच तो पडला होता. वाळवताना त्या मालाचे वजन घटले होते, आणि ते वजन आम्ही तुरीच्या भावाने विकत घेतले होते. विशेष म्हणजे हेच लॉट बाजारापेक्षा स्वस्त मिळाल्याने सरासरी खरेदीभाव खाली राहिला होता. तुरीच्या भावाची पट्टी लहान दिसण्यामागे आणि उताऱ्याची पट्टी मोठी होण्यामागे असे एक कारण समान होते. दोन पट्ट्या वेगळ्या काढल्या तरी त्यांमागचा व्यवहार एकच असू शकतो, ही या तक्त्याची मर्यादा मला तेव्हा समजली.

शेठजींनी वही स्वतः चाळली, दोन लॉटच्या पावत्यांवर बोट ठेवले आणि खरेदीवाल्या काकांना बोलावून घेतले. त्या हंगामापासून गाडी उतरण्यापूर्वी ओलावामापकाने ओलावा मोजून त्याप्रमाणे भावात कपात ठरू लागली, आणि माझ्या मासिक तक्त्यात तुरीचा भाव व उतारा या दोन पट्ट्यांखाली त्या महिन्याच्या सरासरी ओलाव्याची एक ओळ कायमची आली.