करार संपायच्या आधी फ्लॅट सोडताय? या चुका टाळा

इंदूरमध्ये तिघी-चौघींनी मिळून फ्लॅट घ्यायचा, अकरा महिन्यांचा करार करायचा आणि मधेच एकीला पुण्या-बंगलोरला नोकरी लागायची, हे नेहमीचंच आहे. जाणारीला वाटतं, एक महिना आधी सांगितलं आणि आपल्या जागी कुणी आणून दिली की सुटलो. प्रत्यक्षात घोळ होतो तो याच दोन गोष्टींत.

समजा, सुदामा नगरमधला फ्लॅट आहे. करार 1 जुलै ते 31 मे, तिघींच्या सह्या. भाडं 18,000. मोठ्या खोलीतली 7,000 देते, बाकीच्या दोघी 5,500-5,500. डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे 36,000, त्यात मोठ्या खोलीतलीचे 14,000. तिलाच 16 फेब्रुवारीला पुण्यात रुजू व्हायचंय आणि आज 12 जानेवारी आहे.

नोटिशीचं कलम न वाचताच सांगून टाकणं

सगळ्यात आधी करार काढून दोन कलमं वाचा: लॉक-इन, म्हणजे जागा सोडता न येण्याचा सुरुवातीचा काळ, किती महिन्यांचा आहे आणि नोटीस कोणी, कशी द्यायची आहे. तो सहा महिन्यांचा असेल तर 31 डिसेंबरलाच संपला, तेव्हा तिथे अडचण नाही. नोटीस मात्र नीट बघावी लागते. तिघींच्या सह्या एकाच करारावर असतील तर त्यात ‘भाडेकरू’ म्हणजे तिघी मिळून एक पक्ष असतो. मग ‘एक महिन्याची नोटीस देऊन भाडेकरूला जागा सोडता येईल’ हे कलम बहुतेक वेळा पूर्ण फ्लॅट सोडण्याबद्दल असतं. एकीने नोटीस दिली म्हणून तिच्यापुरता करार आपोआप संपत नाही. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 43 प्रमाणे घरमालक तिघींपैकी कुणाही एकीकडून पूर्ण भाडं मागू शकतो. म्हणजे ती पुण्यात असताना इथल्या दोघींनी भाडं थकवलं तर फोन तिलाही येऊ शकतो.

म्हणून मेसेजमध्ये ‘आम्ही फ्लॅट सोडतोय’ किंवा नुसतं ‘फ्लॅट सोडायचाय’ असं लिहू नका. ती सगळ्या फ्लॅटची नोटीस समजून घरमालकाने दुसरं गिऱ्हाईक बघायला सुरुवात केली, तर राहणाऱ्या दोघी विनाकारण अडचणीत येतात.

रूममेट्सना घरमालकाकडून कळणं

आधी दोघींना सांगा, तेही समोरासमोर, आणि त्याच दिवशी घरमालकाला. मधे चार दिवस गेले तर बातमी खालच्या मजल्यावरून वर येते आणि मग पुढच्या प्रत्येक बोलण्यात संशय मिसळतो. दोघींना तेव्हाच तीन गोष्टी विचारून घ्या: तुम्ही 31 मेपर्यंत राहणार आहात ना, मोठी खोली तुमच्यापैकी कुणाला हवी आहे का, आणि नव्या मुलीबद्दल तुमच्या अटी काय. दुसरा प्रश्न बऱ्याचदा राहून जातो. एकीने मोठी खोली घेतली तर नवीला 5,500 ची खोली मिळेल, म्हणजे तिचं भाडंही बदलेल आणि डिपॉझिटही. हे ठरायच्या आधी ‘7,000 मध्ये मोठी खोली’ अशी जाहिरात टाकली तर बघायला आलेल्या मुलीची फसगत होते.

घरमालकाला पाठवायचा मेसेज साधारण असा असावा:

«काका, नमस्कार. मला पुण्यात नोकरी लागली आहे, 16 फेब्रुवारीला रुजू व्हायचं आहे. आज 12 जानेवारीला मी फक्त माझ्यापुरती एक महिन्याची नोटीस देते आहे. बाकी दोघी 31 मेपर्यंत राहणार आहेत. माझ्या जागी एक मुलगी यायला तयार आहे, दोघींनाही ती पसंत आहे. तुम्हाला चालणार असेल तर रविवारी तिला भेटायला घेऊन येते. फेब्रुवारीच्या भाड्याची काळजी करू नका, ते पूर्ण मिळेल. तुमचं काय ते इथेच लिहून कळवा.»

शेवटचं वाक्य गाळू नका. काका जिन्यात ‘हो हो, चालेल’ म्हणाले तरी ते लेखी नाही. आणि ‘दुसरी मिळेपर्यंत मी भाडं देत राहीन’ असं मोघम आश्वासनही देऊ नका, त्याला शेवटची तारीख नसते.

बदली माणूस ठरवूनच टाकणं

तुम्ही नाव सुचवता, ठरवतो घरमालक. त्याच्या लेखी संमतीशिवाय खोली दुसऱ्याला दिली तर मध्यप्रदेश स्थान नियंत्रण अधिनियम, 1961 प्रमाणे ते घर रिकामं करून घेण्याचं कारण होऊ शकतं, आणि त्याची झळ तुमच्यापेक्षा मागे राहणाऱ्यांना जास्त बसते. शिवाय इंदूरमध्ये भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात न दिल्याबद्दल घरमालकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत, त्यामुळे अनोळखी चेहरा दिसला की ते बिथरतात. नव्या मुलीचं आधार कार्ड, फोटो आणि नोकरीचा किंवा कॉलेजचा पुरावा पहिल्या भेटीतच सोबत असू द्या. मांसाहार, रात्रपाळी, येणारे-जाणारे पाहुणे याबद्दल काकांच्या अटी असतील तर त्या तिला आधीच सांगा. आवडणार नाही म्हणून लपवलेली अट महिन्याभरात भांडण होऊन बाहेर येते.

डिपॉझिट आपसात फिरवणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. नवी मुलगी जाणारीला परस्पर 14,000 देते, जाणारी खूश होऊन निघते आणि घरमालकाच्या वहीत नाव जुनीचंच राहतं. मे महिन्यात काका नुकसानीचे पैसे कापतात तेव्हा आधीच्या तोडफोडीची भरपाई नवीच्या माथी येते.

त्याऐवजी खोली सोडायच्या आठवड्यात काका, तिघी आणि नवी असे सगळे मिळून फ्लॅट बघा आणि फोटो काढून ठेवा. समजा, स्वयंपाकघरातला गळका नळ आणि ओट्याखालचं निखळलेलं दार यांचा खर्च 2,100 निघाला. तो तिघींचा, म्हणजे प्रत्येकी 700. मोठ्या खोलीत खिळ्यांनी भिंत उखडली आहे, त्याचे 800 एकट्या जाणारीचे. तिच्या 14,000 मधून 1,500 गेले, हातात 12,500 यायला हवेत. नवी 14,000 काकांकडे भरते, दोघी आपापले 700 देतात, काका जाणारीला 12,500 देतात आणि उरलेल्या 2,900 मध्ये दुरुस्ती होते. डिपॉझिट 36,000 चं 36,000 राहतं आणि नवीची पाटी कोरी असते.

भाड्याचंही तसंच. नवी 16 फेब्रुवारीला आली तर 28 दिवसांच्या महिन्यात 7,000 चे रोजचे 250 होतात. 15 दिवसांचे 3,750 जाणारीचे, 13 दिवसांचे 3,250 नवीचे. विजेच्या मीटरचं रीडिंग त्याच दिवशी फोटो काढून ग्रुपवर टाका.

किल्ली दिली म्हणजे झालं, असं समजणं

उत्तम म्हणजे दोघी आणि नवी यांचा नवा करार. काका एवढ्यासाठी पुन्हा स्टॅम्प पेपर नको म्हणाले तर निदान एका कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या: अमुक 15 फेब्रुवारीला करारातून मुक्त झाली, तिचं डिपॉझिट पोचलं, तिच्याकडे काही येणं नाही, 16 तारखेपासून तिच्या जागी तमुक. त्यावर घरमालकाची आणि राहणाऱ्या दोघींचीही सही हवी, कारण तिचा हिशेब त्यांच्याशीही असतो. ठाण्यात नव्या भाडेकरूची माहिती देताना जुनीचं नाव कमी करायलाही काकांना सांगा. वायफाय किंवा गॅसचं कनेक्शन जाणारीच्या नावावर असेल तर ते बदलण्याचा अर्ज सामान बांधायच्या आधीच टाका. नंतर बिल थकलं तर वसुलीचा फोन तिलाच येतो.