p 0.08 आला, मग व्हायवात नेमकं काय बोलायचं?

पुण्यात एमएस्सी स्टॅट्स करताना ज्युनियर्सची प्रॅक्टिकल जर्नल्स तपासायचं काम माझ्याकडे असायचं, आणि एक वाक्य जवळजवळ प्रत्येक जर्नलात सापडायचं: "p 0.05 पेक्षा जास्त आहे म्हणून नल हायपोथेसिस सिद्ध झालं." नवीन आलेल्यांसाठी म्हणून एकच उदाहरण घेऊन सांगते.

एका ग्रुपने डेक्कन ते कोथरूड बसला किती वेळ लागतो ते मोजलं होतं. त्यांचं गृहीतक 24 मिनिटं. 36 फेऱ्या, सरासरी 26.7, एसडी 9 (आकडे मी जरा गोल केलेत). स्टँडर्ड एरर म्हणजे 9 भागिले 6, दीड मिनिट. फरक 2.7, म्हणून t आला 1.8. R मध्ये एवढंच टाईप करायचं:

```
t.test(vel, mu = 24)
```

p साधारण 0.08, आणि 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल 23.7 ते 29.7.

"ताई, म्हणजे 24 मिनिटंच लागतात याची शक्यता 8 टक्के ना?" नाही रे बाबा. p काढताना आपण 24 हे खरंच आहे असं धरूनच चाललोय, मग त्याच p मधून 24 खरं असण्याची शक्यता कशी बाहेर पडेल? 0.08 चा अर्थ असा, की खरी सरासरी 24च असती आणि आपण अशा 36-36 फेऱ्या पुन्हा पुन्हा मोजत बसलो असतो, तर साधारण 8 टक्के वेळा t कुठल्या तरी एका बाजूला 1.8 इतका किंवा त्याहून लांब गेला असता. शक्यता आहे ती डेटाची, 24 खरं असण्याची नाही.

आता "सिद्ध झालं" वाल्यांसाठी, जरा इंटरव्हलकडे बघा. त्यात 24 आहे हे खरं, पण 28 पण आहे आणि 29 पण आहे. मग 24च का सिद्ध झालं, 29 का नाही? डेटा एवढंच सांगतोय की खरी सरासरी 24 पेक्षा किंचित कमी असण्यापासून पावणेसहा मिनिटं जास्त असण्यापर्यंत काहीही चालून जाईल, आणि 36 फेऱ्यांत यापेक्षा नेमकं सांगता येत नाही. मला विचाराल तर p च्या आधी इंटरव्हल वाचायची सवय लावा, कारण किती मिनिटांचा फरक असू शकतो ते तिथे मिनिटांतच दिसतं.

इंटरव्हलचे पण दोन घोळ आहेत. पहिला, "95 टक्के फेऱ्या 23.7 ते 29.7 मध्ये बसतात." हा तर डेटा उघडून मोजला तरी लगेच पडतो, एसडी 9 असताना त्या सहा मिनिटांच्या पट्ट्यात जेमतेम पाव फेऱ्या येतात, कारण इंटरव्हल सरासरीचा आहे, एकेका फेरीचा नाही. दुसरा घोळ जास्त चिवट, "खरी सरासरी या इंटरव्हलमध्ये असण्याची शक्यता 95 टक्के." कोर्समध्ये शिकवतात त्या पद्धतीत खरी सरासरी हा एक ठरलेला आकडा असतो, दर सॅम्पलला हलतो तो इंटरव्हल. 95 टक्के ही पद्धतीची खात्री आहे. पटत नसेल तर हे चालवून बघा:

```
ok <- replicate(1000, {
  ci <- t.test(rnorm(36, 24, 9))$conf.int
  ci[1] < 24 & 24 < ci[2]
})
mean(ok)
```

उत्तर दर वेळी 0.95 च्या आसपास येईल, म्हणजे हजारातले पन्नासेक इंटरव्हल 24 ला चुकवतात, आणि हातातला आपला इंटरव्हल त्या पन्नासातला आहे का हे त्याच्याकडे बघून कळत नाही.

त्याच ग्रुपमधल्या एका हुशार कार्ट्याने मग `alternative = "greater"` टाकलं आणि p झाला 0.04, झालं सिग्निफिकंट! डेटा तोच, बस तीच. सरासरी वर गेलेली बघून मग एक बाजू निवडायची ही सरळ चीटिंग आहे, बाजू ठरवायची ती पहिली फेरी मोजायच्या आधी. हे जर्नलात पकडणं सोपं असतं, कारण आऊटपुटमध्ये इंटरव्हलचं वरचं टोक `Inf` दिसतं आणि वर हायपोथेसिस मात्र दोन बाजूंचं लिहिलेलं असतं.

व्हायवात म्हणा, "सरासरी 26.7 मिनिटं, 95 टक्के इंटरव्हल 23.7 ते 29.7, 24 पेक्षा वेगळी आहे असं म्हणायला 5 टक्के पातळीवर पुरेसा पुरावा नाही." पुढचा प्रश्न बहुतेक फेऱ्या कधी मोजल्या हा येतो. या पोरांनी सगळ्या एकाच आठवड्यात संध्याकाळी सहाच्या सुमारास मोजल्या होत्या, तोही गणपतीचा आठवडा, आणि एकाच जॅममध्ये अडकलेल्या पाठोपाठच्या दोन बसना इंडिपेंडंट धरलं होतं. दीड मिनिटाच्या त्या स्टँडर्ड एररमध्ये यातलं काहीच येत नाही, त्यामुळे तो 0.08 सुद्धा फार मनावर घेऊ नका.