तिरक्या कडेची चाचणी : आकडा लेन्सचा हवा, फोकसच्या चुकीचा नको

कॅमेरा आणि लेन्स ही जोडी किती बारीक तपशील टिपते, हे मोजण्यासाठी तिरक्या कडेचा तक्ता हे सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे साधन आहे. कडा उभ्या रेषेपासून सुमारे ५ अंश कललेली असली की ती साधारण दर अकरा ओळींमागे एक पिक्सेल सरकते, आणि या सरकण्याचा उपयोग करून सॉफ्टवेअर पिक्सेलपेक्षाही बारीक टप्प्यांनी कडेचा उतार मोजते. कडा सरळ उभी लावली, तर ही सोयच उरत नाही.

तक्ता मॅट फोटो पेपरवर इंकजेटने छापावा. गडद काळ्या-पांढऱ्याऐवजी ४:१ एवढाच उजेडफरक असलेले दोन राखाडी भाग ठेवावेत. आयएसओ १२२३३ या मानकाच्या २०१४ च्या आवृत्तीनेही कमी फरकाची कडा स्वीकारली आहे. गोव्याच्या पावसाळ्यात दमट हवेने कागदाच्या कडा हमखास वळतात, म्हणून साइनबोर्डवाल्याकडून सनबोर्ड आणून त्यावर तो पूर्ण चिकटवावा. कॅमेरा ट्रायपॉडवर, पंखा बंद, टायमर चालू आणि फाइल रॉ. कॅमेऱ्यातून निघालेली जेपेग फाइल या कामाला निरुपयोगी आहे, कारण तिच्यावर आधीच शार्पनिंग झालेले असते आणि आकडा फुगतो. किती बारीक तपशिलाला किती उजेडफरक टिकतो हे दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या आलेखाची रेषा सुरुवातीलाच १ च्या वर चढली, तर शार्पनिंग झाले आहे असे खुशाल समजावे.

आता फोकस. बहुतेक मार्गदर्शक ‘ऑटोफोकस करून फोटो घ्या’ एवढे सांगून पुढे जातात, आणि मलाही या पायरीने बराच काळ छळले. ऑटोफोकसवर घेतलेल्या एकाच फोटोचा आकडा लेन्सविषयी फार थोडे सांगतो. त्या क्षणी फोकस कुठे थांबला होता, एवढेच त्यातून कळते.

उदाहरण घेऊ. ६०००×४००० पिक्सेलचा एपीएस-सी कॅमेरा आहे, पिक्सेलची रुंदी ३.९ मायक्रॉन, ५० मिमीची लेन्स एफ २.८ वर, तक्ता अडीच मीटरवर. या मांडणीत एक पिक्सेल तक्त्यावरचे सुमारे ०.१९ मिमी अंतर व्यापतो. फोकस खऱ्या जागेपासून २.६ सेंमी चुकला, की धूसरपणाचा ठिपका एक पिक्सेल रुंद होतो. अचूक फोकसला MTF50, म्हणजे उजेडफरक निम्म्यावर उतरतो तिथल्या बारकाईचा आकडा, दर पिक्सेलला ०.३० चक्रे येत असेल, तर ढोबळ हिशेबाने तो ०.२८ वर उतरतो, आणि चूक ५ सेंमीवर गेली की ०.२३ च्या आसपास येतो. एवढा फरक एरवी दोन वेगवेगळ्या लेन्समध्ये दिसतो, आणि इथे तो नुसत्या फोकसने पडलेला असतो.

म्हणून फोकस एकदा लाइव्ह व्ह्यूमध्ये मोठे करून जुळवावा, मॅन्युअलवर ठेवावा आणि त्यानंतर रिंगला हात लावू नये. कॅमेरा स्लायडरवर बसवून १-१ सेंमीने पुढेमागे सरकवत, अंदाजित जागेच्या दोन्ही बाजूंना पाच-पाच फोटो घ्यावेत. रिंग फिरवून हेच करता येते असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण रिंगचा अर्धा मिलिमीटर म्हणजे नेमके किती, हे कोणालाच ठाऊक नसते. MTF Mapper हे मोफत सॉफ्टवेअर वापरून प्रत्येक फोटोतला तोच भाग, फक्त हिरव्या चॅनेलवर, मोजावा आणि आकडे अंतराप्रमाणे मांडावेत. टेकडीसारखा चढ-उतार दिसला, तर तिचा माथा हे उत्तर. आकडे शेवटपर्यंत चढतच राहिले, तर माथा अजून पुढे आहे. शेजारचे आकडे वेडेवाकडे उड्या मारत असतील, तर कॅमेरा हलतो आहे; जुन्या घरांतील वरच्या मजल्याच्या लाकडी जमिनीवर हे वारंवार होते, तेव्हा खालच्या लादीवर उतरावे.

छपाईची परीक्षाही याच रीतीने होते : तक्ता दूर नेऊन पुन्हा माथा शोधल्यावर आकडा वाढला, तर कमी पडत होती ती छपाई.

०.३० ला पिक्सेलच्या रुंदीने, म्हणजे ०.००३९ मिमीने, भागले की दर मिलिमीटरला सुमारे ७७ रेषाजोड्या मिळतात. हा आकडा या कॅमेऱ्यासह या लेन्सचा आहे. एकट्या लेन्सचा म्हणून तो सांगू नये.

कोपऱ्यांसाठी त्याच सनबोर्डवर तक्त्याचे सहा सेंमीचे तुकडे लावावेत आणि प्रत्येक कोपऱ्याचा माथा वेगळा शोधावा, कारण प्रतिमेचे प्रतल वक्र असल्यास तो मध्याच्या माथ्याशी जुळत नाही. तक्ता कॅमेऱ्याला समांतर आहे का, हे पाहण्यासाठी त्यावर छोटा आरसा सपाट धरावा. लेन्सचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर दिसले पाहिजे. तरीही एक बाजू कमजोर आली, तर कॅमेरा उलटा करून मालिका पुन्हा घ्यावी. चौकटीतली तीच बाजू पुन्हा कमजोर निघाली, तर दोष लेन्समध्ये आहे. कमजोरी तक्त्याच्या त्याच टोकाला चिकटून राहिली, तर तक्ता कललेला आहे.