होल्डचं पत्र: 'पीएफचे कागद' म्हणजे नेमके कोणते?

अंधेरीतल्या कंपनीत अकाउंट्सला लागले तेव्हा पहिल्याच महिन्यात हाउसकीपिंगच्या ठेकेदाराचं जूनचं बिल माझ्याकडे आलं. रक्कम जीएसटीसह 3,42,200 रुपये, माणसं 16. मी लिहिलं: "आपली पीएफची कागदपत्रे अपूर्ण असल्याने पेमेंट होल्डवर आहे. लवकरात लवकर पूर्तता करावी."

त्यांनी आधी पाठवलेलं चलनच पुन्हा पाठवलं. मी तेच पत्र पुन्हा पाठवलं. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, "मॅडम, दोनदा पाठवलं, अजून काय पाहिजे?" त्यांचं बरोबर होतं.

सीनियर मॅडमनी फाइल उघडायला लावली. पीएफच्या चलनावर फक्त एकूण रक्कम असते. चलन निघालं म्हणजे पैसे भरले असं होत नाही, त्यासाठी भरणा झाल्याची पावती लागते. आणि कोणाकोणाचा पीएफ भरला ते ईसीआरमध्ये, म्हणजे दर महिन्याच्या पीएफ विवरणपत्रात, प्रत्येकाच्या नावापुढे यूएएन या पीएफ क्रमांकासह दिसतं. आमच्याकडे पावती नव्हतीच. ईसीआर होता, पण त्यात नावं 14 आणि हजेरीपत्रकात 16. ठेकेदाराने पीएफ भरला नाही तर मूळ मालक म्हणून जबाबदारी आपल्या कंपनीवर येते, म्हणून ही दोन नावं सोडून चालत नाही.

मग पत्र असं झालं:

"नमस्कार. आपलं जूनचं बिल आणि पीएफचं चलन मिळालं, आभारी आहोत. करारातील कलम 7 नुसार पेमेंटआधी दोन गोष्टी हव्या आहेत: (1) या चलनाची भरणा पावती, (2) हजेरीपत्रकातील अनुक्रमांक 9 आणि 15 यांची नावं ईसीआरमध्ये दिसत नाहीत, त्याबद्दल खुलासा किंवा पूरक ईसीआर. हे मंगळवार, 22 जुलैपर्यंत मिळाल्यास शुक्रवार, 25 जुलैच्या पेमेंटमध्ये बिल घेता येईल. बिलातील बाकी बाबी तपासून झाल्या आहेत. काही अडचण असल्यास मला थेट फोन करावा."

"पीएफ भरलेला नाही" असं मी आधी लिहिलं होतं, ते मॅडमनी खोडलं. आपल्याला फक्त कागद मिळालेला नाही एवढंच माहीत असतं, आणि तेवढंच लिहायचं. "बाकी बाबी तपासून झाल्या" हे वाक्य मात्र त्यांनी मुद्दाम घातलं. बिलाच्या भरवशावर पगार करणाऱ्या माणसाला उद्या आणखी नवी त्रुटी निघणार नाही हे कळायला हवं. म्हणूनच पत्राआधी सगळी फाइल एकदाच तपासावी लागते.

तारीख घालण्याचं कारण आपल्या बाजूचंही आहे. ठेकेदार उद्यम नोंदणी असलेला लघुउद्योजक होता. अशांचं पेमेंट, करारात काहीही मुदत लिहिली तरी, 45 दिवसांच्या पुढे नेता येत नाही. बिल बेमुदत होल्डवर ठेवून विसरणं परवडत नाही.

पावती त्याच संध्याकाळी आली. त्या दोघांच्या आधारवरचं आणि पीएफमधलं नाव जुळत नव्हतं, म्हणून ते राहिले होते. तसं त्यांनी फोनवर सांगितलं. पूरक ईसीआर 24 तारखेला आला, बिल पुढच्या शुक्रवारी, 1 ऑगस्टला गेलं. तेही मी 24 लाच त्यांना लिहून कळवलं.