लग्नाला तीन आठवडे उरले, टँकरवाल्याशी बोलला का?

मागच्या मे महिन्यात दर्यापूर तालुक्यातल्या एका लग्नाचं काम माझ्याकडे होतं. घोडी, बँड, फेटे बांधणारा, मेकअपवाल्या ताईंना आणायची गाडी, सगळ्यांपुढे बरोबरची खूण केली होती. पाण्यापुढेही केली होती. दुपारी साडेबाराला वीसच्या वीस कूलर कोरडे पडले आणि मांडवात बाराशे माणूस. म्हणून या यादीत पाणी घडी घडी येणार आहे. कंटाळा आला तरी वाचा.

तीन आठवडे आधी लॉनवाल्याकडे जाऊन बसा. फोन नको. किती दिले, किती राहिले, ते त्याच्याच पावतीवर त्याच्याच हाताने लिहून घ्या. बयाणा देताना नवरीचे काका गेले असतील आणि आता हिशोब तुम्ही करत असाल, तर हे जास्तच गरजेचं. भांडी, गाद्या, झाडलोट यात धरली आहे का, तेही तिथेच विचारा. वऱ्हाडासाठी एसटीची बस लागणार असेल तर आगारात प्रासंगिक कराराचे पैसे भरून पावती घ्या. दाट तिथीला गाड्या उरत नाहीत आणि 'साहेब ओळखीचे आहेत' या बोलण्यावर बस निघत नाही. पत्रिका, बस्ता, दागिने हे घरचे लोक बघतात, त्यात मी पडत नाही.

आता पाणी. आधी हिशोब, मग टँकरवाला. बाराशे पानं असली तर स्वयंपाक आणि भांडी मिळून मी माणशी पाच लिटर धरतो, म्हणजे 6,000. मोठ्या कूलरची टाकी शंभर लिटरची. आपल्याकडच्या कोरड्या उन्हात ती चार तासांत खाली होते, म्हणून सकाळपासून संध्याकाळपर्यंत दोनदा भरावी लागते. वीस कूलर, 4,000. जानोशात शंभर माणसं मुक्कामाला असतील तर आंघोळी धरून आणखी 4,000. हात धुणं आणि संडास, 3,000. झाले 17,000 लिटर. ट्रॅक्टरचा टँकर 5,000 चा असतो, म्हणजे चार खेपा. मी मागच्या वेळी दोन सांगितल्या होत्या. कूलर पाणी पितात हे मी धरलंच नव्हतं! पिण्याच्या थंड पाण्याचे जार वेगळे. उन्हाळ्यात माणशी तीन लिटरने वीस लिटरचे 180 होतात, आणि जारवाला सहसा दगा देत नाही.

दोन खेपा तरी वेळेवर आल्या का? नाही. पहिली आदल्या संध्याकाळी आली आणि सकाळी आठपर्यंत जानोशाच्या आंघोळीत संपली. दुसरी नऊला यायची होती. मी रात्री फोन केला तर मालक म्हणाला, "येते नं भाऊ, काहून टेन्शन घेता." आली नाही. कारण नंतर कळलं. त्याच्या विहिरीवरची मोटर शेतीच्या लाइनवर चालते आणि त्या आठवड्यात तिथे रातपाळी होती. पहाटे लाइन जायच्या आत एकच टँकर भरला, तो दुसऱ्या लग्नात गेला. तो माणूस खोटं बोलत नव्हता. मीच चुकीचा प्रश्न विचारला होता.

म्हणून 'येशील ना' असं विचारू नका. तो हो म्हणणारच. विचारा: टँकर कोणत्या विहिरीवर भरतो? आपल्या तारखेच्या आठवड्यात तिथे लाइन दिवसा आहे की रात्री? त्या दिवशी आणखी किती लग्नांचं पाणी घेतलं आहे? मे महिन्यात त्या विहिरीत सलग दोन टँकर भरण्याइतका झरा आहे का? रातपाळी असेल तर त्याने रात्रीच भरून आणून उभं करायचं. पण पाणी उतरवायला जागा लागते. लॉनची टाकी 5,000 ची असेल तर दुसरी खेप कुठे ओतणार? भरला टँकर मांडवामागे उभा राहतो आणि पुढची खेप अडते. दोन-दोन हजार लिटरच्या टाक्या भाड्याने आणा, मंडपवाल्याकडे मिळतात.

आमचा भाग खारपाणपट्ट्यातला, त्याचाही दणका बसला. टँकर येत नाही म्हटल्यावर शेजारच्या बोअरचं पाणी घेतलं आणि घाईत आचाऱ्याने त्यातच तुरीची डाळ चढवली. दोन तास झाले तरी डाळ दाताखाली टचटच लागत होती. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही हे इथल्या कुठल्याही बाईला माहीत आहे, मलाही होतं, पण त्या वेळी डोकं कुठे चालते? नवरीच्या बापाने मला काही म्हटलं नाही. नुसतं वरणाच्या गंजाकडे पाहिलं. तर चारपैकी दोन खेपा गोड्या पाण्याच्या, त्या आचाऱ्याला आणि जानोशाला. उरलेल्या दोन खाऱ्या पाण्याच्या चालतात, कूलरला आणि हात धुवायला. खाऱ्याने वाळ्याच्या ताट्यांवर पांढरं धरते, पण एका दिवसात काही बिघडत नाही. टाक्यांवर खडूने 'गोडं' आणि 'खारं' लिहा.

आठ दिवस आधी आचाऱ्याला पानांचा पक्का आकडा सांगा आणि किराण्याची यादी त्याच्याकडून लिहून घ्या, नाहीतर ऐनवेळी तेलाचा डबा आणायला पोरगा पळतो. जनरेटरवाल्याला एकच विचारा, डिझेल कोणाचं. भाड्यात नसेल तर रात्रीच कॅन भरून ठेवा. आणि जनरेटर आहे म्हणून कूलरचं भागलं असं समजू नका. पाण्याशिवाय कूलर म्हणजे लू फेकणारा पंखा. कूलर भरायला एक माणूस वेगळा ठेवा, पाईप त्याच्याच हाती द्या, त्याला वाढपात ओढू नका. हवा गरम लागून लोक मांडवाच्या कडेला सरकू लागले की समजा, ताट्या वाळायला लागल्या.

याच आठवड्यात टँकरवाल्याला निम्मे पैसे द्या. सगळे देऊ नका. उरलेले चौथी खेप उतरल्यावर.

तीन दिवस आधी सगळ्यांना फोन: बँड, घोडी, फोटोवाला, भटजी, बस, जार. टँकरच्या मालकाला नाही, ड्रायव्हरला. त्याचा नंबर आधीच घेऊन ठेवा, मालक लग्नाच्या दिवशी फोन उचलत नाही. लाइनची पाळी बदलली का, तेही त्यालाच विचारा.

आदल्या दिवशी पैशांची पाकिटं करा, नाव आणि रक्कम वर लिहा, एकाच माणसाच्या खिशात द्या. सुटे ठेवा. रात्री दहाला डीजे बंद, हे नवरदेवाच्या मित्रांना आधीच सांगा.

सूर्य मावळायच्या आत पहिला टँकर. टाकीचं झाकण उघडून स्वतः पाहा. गोडं आहे का, एक घोट पिऊन पाहा. मग जेवा.