दुसऱ्यांच्या ग्रुपचा स्क्रीनशॉट वाचताना या चुका टाळा

कॉलेजच्या शिस्तपालन समितीवर असल्यामुळे माझ्याकडे तक्रारींपेक्षा स्क्रीनशॉट जास्त येतात. आणणारा माणूस घाईत असतो, एका ओळीवर लाल गोल केलेला असतो आणि निकाल मनात आधीच लागलेला असतो. चुका मात्र वर्षानुवर्षं त्याच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे प्रत्येक ओळ सुटी वाचणे आणि शब्दाचा कोशातला अर्थ धरणे. एका सहकाऱ्यांनी आणलेला हा स्क्रीनशॉट पाहा. ग्रुपचं नाव ‘अग्निशमन दल’ आणि मजकूर असा:

«उद्या ४ वाजता हॉल. सगळ्यांनी गॅस चालू ठेवून यायचं.»
«मी दोन सिलिंडर आणते 💀»
«भाषण सुरू झालं की पहिला स्फोट कोणाचा?»
«माझा साडेचारला. मागच्या वेळसारखे सगळे एकदम नको, संशय येतो.»

त्याखाली एक मीम. आग लागलेल्या खोलीत खुर्चीवर शांत बसलेला कुत्रा आणि वर मथळा: «प्राचार्य, ४:३५».

सहकारी म्हणाले, “सर, हे सरळ पोलिसांकडे द्यायला हवं.” स्फोट, सिलिंडर, वेळ, ठिकाण, सगळंच लिहिलेलं होतं, तेव्हा त्यांची भीती खोटी म्हणता येणार नाही. पण चौथी ओळ त्यांनी वाचलीच नव्हती. ‘मागच्या वेळसारखे’ म्हणजे हे आधी एकदा झालेलं आहे. मागच्या कार्यक्रमाला हॉलमध्ये सिलिंडर फुटला असता तर आम्हाला स्क्रीनशॉटची वाट पाहावी लागली नसती! शिवाय ‘पहिला स्फोट कोणाचा’ आणि ‘माझा साडेचारला’ यांचा अर्थ प्रत्येकाचा स्वतःचा स्फोट असतो आणि तो वेळ ठरवून, वेगवेगळा करायचा असतो. आणखी एक गोष्ट: ‘गॅस म्हणजे काय?’ असं कोणीच विचारलेलं नाही. चौघांना एकाच वेळी कळणारा विचित्र शब्द बहुतेक वेळा जुना असतो, त्या दिवशी जन्मलेला नसतो.

अशा वेळी माझी सवय साधी आहे. संशयाचा शब्द झाकतो आणि उरलेल्या वाक्यांत कोणता अर्थ बसतो ते पाहतो. इथे तो शब्द म्हणजे अशी काहीतरी गोष्ट, जी प्रत्येकजण घरून तयार ठेवून येतो, एकीजवळ दोनही असू शकतात, भाषण सुरू झाल्यावर ती वापरायची असते आणि सगळ्यांनी एकदम वापरली तर संशय येतो. बहाणा! मुलांना बोलावलं तेव्हा तेच निघालं. त्यांच्यातली एकजण एका सहलीतून ‘घरी गॅस चालू राहिला’ म्हणून अर्ध्यातून परतली होती आणि गॅस बंदच होता. तेव्हापासून कार्यक्रमातून सटकायच्या कारणाला ‘गॅस’, ते कारण सांगणारा फोन आला की ‘स्फोट’. ग्रुपचं नावही त्यावरूनच.

आता मीम. इथे लोक मथळा वाचतात आणि चित्र नुसतं पाहतात. हा कुत्रा के. सी. ग्रीन यांच्या २०१३ सालच्या वेबकॉमिकमधला आहे. भोवती आग असताना तो ‘सगळं ठीक आहे’ म्हणत बसून राहतो. चित्र ओळखलं की जागा ठरते: मथळ्यात ज्याचं नाव, तो कुत्र्याच्या जागी. तो आग लावणारा नाही आणि आगीत होरपळावा अशी कोणाची इच्छाही नाही. तो संकट दिसत असून न दिसल्यासारखं करणारा आहे. म्हणजे ४:३५ला अर्धा हॉल रिकामा झालाय आणि प्राचार्य हसतमुखाने भाषण ऐकतायत. ‘प्राचार्यांना जाळायची धमकी’ हा अर्थ काढायला मूळ चित्र माहीत नसणं पुरतं. मीम कळलं नाही तर ते चित्रच सर्चमध्ये टाकून त्याचा उलट शोध घ्या, मथळा नसलेलं मूळ चित्र पाहा, त्यात कोण काय करतोय ते समजून घ्या आणि मगच मथळ्याकडे या. पाच मिनिटांचं काम आहे. पण घाई असलेल्यांना पाच मिनिटंही नकोच असतात.

कवटीच्या इमोजीला मृत्यू समजू नका. तरुण मुलं ती ‘हसून मेलो’ अशा अर्थी टाकतात. ‘इमोजींचे छुपे अर्थ’ असे जे तक्ते फिरत असतात ते तर उघडूच नका. ग्रुपचा इमोजी ग्रुपच ठरवतो.

नावांवर विसंबू नका. सेव्ह केलेल्या नंबरांसाठी स्क्रीनशॉटमध्ये दिसणारी नावं ज्याचा फोन आहे त्याने दिलेली असतात. ‘चोर’ हे नाव ग्रुपने ठेवलेलं असेलच असं नाही. आणि उजवीकडचे संदेश फोनवाल्याचे स्वतःचे असतात, हे विसरून त्याच्याच ओळी दुसऱ्याच्या नावावर खपवलेल्या मी पाहिल्या आहेत.

शिव्या दिसल्या म्हणजे भांडण, हेही चूक. एरवी शिव्यांनीच हाक मारणाऱ्या दोस्तांत एकजण अचानक ‘आपण म्हणाल तसं’ लिहू लागला, तर खरी धग तिथे शोधा. त्या ग्रुपची रोजची भाषा काय आहे हे कळल्याशिवाय एका ओळीचा सूर ठरवता येत नाही.

दुसरी मोठी चूक उलट्या बाजूची आहे आणि तिचा मला जास्त राग येतो: ‘आमचा आतला जोक आहे’ म्हटलं की फाइल बंद करणे. ही सबब कोणीही देऊ शकतं. म्हणून मी दोन गोष्टी करतो. दोन सदस्यांना वेगवेगळं बसवून जोकचा उगम विचारतो. खरा जोक असेल तर तपशील थोडे हलतात, पण गोष्ट एकच निघते. शब्द न् शब्द जुळला तर मला उलट शंका येते. मग एका सदस्याच्या संमतीने, त्याच्याच फोनवर, ग्रुपच्या सर्चमध्ये तो शब्द टाकायला सांगतो. ‘गॅस’चे महिन्यांपूर्वीचे वापर एकामागून एक निघाले: सेमिनार, लग्न, वाढदिवस. सबब काल शिजवलेली असेल तर असा जुना माग सापडत नाही. व्हॉट्सअॅपवर संदेश पाठवल्यावर १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो आणि बदललेल्यावर तशी खूण राहते. त्यामुळे जुने संदेश आज बसून दुरुस्त करता येत नाहीत.

जोक खरा निघाला तरी एक प्रश्न उरतो: तो कोणावर आहे? ज्याच्यावर आहे तो ग्रुपमध्ये असेल तर त्याची उत्तरं शोधा. आधी तोही उलट टोमणे मारत होता आणि पुढे नुसता अंगठा दाखवू लागला, मग तेही थांबलं, असं दिसलं तर मी जोकचा उगम ऐकत बसत नाही. आधी त्या मुलाला एकट्याला भेटतो.

ही सर्चची युक्ती एका ठिकाणी अडते. ग्रुपवर आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील, तर निवडीप्रमाणे २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी मजकूर जातो. तेव्हा जुना माग नाही म्हणून पोरं खोटं बोलतायत असा निष्कर्ष काढू नका. आधी ते सेटिंग बघा, आणि ते चालू कधी केलं याची नोंद चॅटमध्ये दिसत असेल तर तीही. तक्रारीच्या आदल्या संध्याकाळी चालू केलेलं असेल, तर विचारायला आणखी एक प्रश्न मिळाला.