पिवळं पान तोडण्याआधीची तयारी

कुंड्या आवरायला ज्या दिवशी बसणार असाल, त्याच्या आदल्या दिवशी झाडांना पाणी घालू नका. पान का पिवळं पडलं याचा बराचसा उलगडा मातीच्या ओलाव्यावरून होतो, आणि पाणी नुकतंच घातलेलं असेल तर बोट खुपसून काहीच कळत नाही. शेवटचं पाणी कधी घातलं होतं ते मात्र आठवून ठेवा, कारण पुढे त्याची गरज पडते. बसायची वेळही दिवसाउजेडी ठेवा आणि जागा खिडकीजवळ निवडा. दिव्याच्या पिवळसर उजेडात फिकट हिरवं पान पिवळं वाटतं आणि खरोखर पिवळं होऊ लागलेलं पान नजरेतून सुटतं.

हाताशी लागणाऱ्या वस्तू थोड्याच आहेत. टोकदार लहान कात्री, ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेला कापूस, काढलेली पानं ठेवायला जुना कागद आणि पांढऱ्या दोऱ्याचे चार-पाच तुकडे. रबर प्लांट किंवा फायकसचं झाड असेल तर हातमोजेही घ्या, कारण देठ तुटताच पांढरा चीक येतो आणि काहींच्या कातडीला तो झोंबतो. डिफेनबाखियाच्या रसानेही तसंच होतं. दोरा कशाला, ते पुढे येईलच. कात्री उचलण्याआधी झाडाचा एक फोटो काढा. खालची पानं किती, पिवळी कोणती, शेंड्याला नवं पान आहे का, हे पंधरा दिवसांनी स्मरणावर सोडलं तर हमखास चुकतं.

पिवळं पान लगेच न तोडता वाट का पाहायची, हे आता समजून घेऊ. जुनं पान पिवळं पडतं तेव्हा झाड ते नुसतं टाकून देत नसतं. आधी त्यातलं हरितद्रव्य मोडतं आणि आधीपासून असलेला पिवळा रंग दिसू लागतो. त्याच काळात पानातली प्रथिनं मोडून त्यांतला नायट्रोजन देठातून मागे खोडात, आणि तिथून शेंड्याच्या कोवळ्या पानाकडे जातो. फॉस्फरस, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमही असेच परत घेतले जातात. कॅल्शियम मात्र पानातच अडकून राहतं. म्हणजे अर्धवट पिवळं पान अजून देणं देत असतं आणि पूर्ण तपकिरी, कागदासारखं कोरडं पान देऊन मोकळं झालेलं असतं. आपला सगळा निर्णय या दोन टोकांमधल्या काही दिवसांचा आहे. झाडाला पानं भरपूर असतील आणि खत वेळेवर मिळत असेल, तर एखादं पिवळं पान चार दिवस आधी काढल्याने बिघडत नाही. पण वेलीवर मोजून दहा-बारा पानं असतील, कुंडी लहान असेल किंवा मुळं दुखावलेली असतील, तर प्रत्येक पिवळ्या पानाकडून मिळणारं मोलाचं आहे. अशा झाडाचं पान मी घाईने तोडत नाही.

दुसरी पारख देठाची. अनेक झाडांत पान सोडायची वेळ आली की देठाच्या तळाशी पेशींचा एक पातळ थर तयार होतो, त्या जागी पान सैल होतं आणि मागे कोरडा व्रण राहतो. म्हणून पान चिमटीत धरून ओढायचं नाही. देठाच्या तळाशी अंगठा टेकवायचा आणि पान किंचित बाजूला झुकवायचं. वेळ झाली असेल तर ते जवळजवळ आपोआप हातात येतं. किंचितही विरोध जाणवला तर तिथेच थांबायचं. जबरदस्तीने ओढलं की खोडाची साल पट्टीसारखी खाली सोलत जाते. मनी प्लांटमध्ये प्रत्येक पेरावर, देठाच्या बगलेत, नव्या फांदीचा डोळा असतो. जवळून पाहिलं तर तो तांदळाच्या कणीएवढा, हिरवट आणि टोकदार दिसतो. पान खसकन ओढताना हा डोळा उखडला, तर त्या पेरातून पुढे फांदी फुटत नाही. पान न सुटताच काढावं लागलं, तर कात्रीने देठाचा साधारण १ सेंटिमीटर तुकडा खोडाला ठेवून कापा. तो तुकडा वाळून नंतर आपसूक गळतो, आणि डोळा शाबूत राहतो.

काही झाडांना हा सुटण्याचा थर लागू नाही. स्नेक प्लांटचं पान पिवळं पडून आपोआप गळत नाही, म्हणून पूर्ण वाळलं की ते मातीलगत कापावं लागतं. पीस लिलीची पानंही मुळाजवळून निघतात, त्यामुळे वाळलेलं पान देठासकट शक्य तितकं खाली कापायचं. अ‍ॅमेरिलिससारख्या कंदाच्या झाडाची हिरवी पानं तर अजिबात काढू नका, कारण पुढच्या फुलासाठी लागणारा साठा तीच कंदात भरतात. ती पिवळी होऊन वाळेपर्यंत झाडावरच राहू द्या.

आता थांबायचं नाही अशी पानं. पानावर ओलसर, गडद तपकिरी डाग असेल आणि त्याभोवती पिवळं वलय असेल, तर त्या पानाकडून किती नायट्रोजन परत मिळेल याचा विचारही करू नका. बुरशीचे आणि जिवाणूंचे असे डाग पाण्याच्या शिंतोड्यांबरोबर शेजारच्या पानावर जातात. ते पान त्याच दिवशी देठासकट काढून कागदात गुंडाळून घराबाहेर टाका, आणि पुढचं पान कापण्याआधी कात्रीची पाती अल्कोहोलच्या कापसाने पुसून घ्या. पानाच्या खालच्या बाजूला कापसासारखे पांढरे पुंजके, म्हणजे पिठ्या ढेकूण, किंवा अगदी बारीक जाळं दिसलं तरी हेच करा. देठाचा तळ मऊ, काळपट आणि वास येणारा असेल तर अडचण पानाची नाही, मुळांच्या कुजण्याची आहे. अशा वेळी कात्री बाजूला ठेवून झाड कुंडीतून बाहेर काढून पाहायला हवं. पिवळं किंवा वाळलेलं पान ओल्या मातीवर टेकलेलं असेल, तर तेही काढलेलं बरं, कारण ओल्या मातीवर ते कुजतं आणि बुरशीला जागा देतं.

एक अपवाद मुद्दाम सांगतो. शेंड्याची कोवळी पानं फिकट पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असं दिसलं तर ती पानं काढू नका. ते बहुधा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं. खालची जुनी पानं पिवळी पडणं आणि वरची कोवळी पडणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लोह मिळालं तर कोवळी पानं पुन्हा हिरवी होऊ शकतात. खालचं पूर्ण पिवळं झालेलं जुनं पान मात्र पुन्हा हिरवं होत नाही, त्याची वाट पाहायची ती फक्त त्यातलं परत मिळावं म्हणून.

नुसती टोकं तपकिरी असतील तर पान काढायचं कारणच नाही. स्पायडर प्लांटमध्ये आणि ड्रेसिनात हे फार दिसतं, आणि कोरडी हवा, पाण्यातले क्षार किंवा जास्त झालेलं खत ही त्याची नेहमीची कारणं असतात. उरलेलं हिरवं पान पूर्ण कामाचं आहे. टोक डोळ्यांना खुपत असेल तर पानाच्या आकाराला धरून तिरकं कापा, पण तपकिरी भागाची अगदी बारीक कड शिल्लक ठेवा. हिरव्या भागात कात्री गेली तर तिथे नवी जखम होते आणि ती नवी कडही वाळून पुन्हा तपकिरी होते.

आता हे सगळं एका झाडावर कसं चाललं ते सांगतो. माझ्याकडच्या मनी प्लांटच्या एका वेलीवर ११ पानं होती. तळाची दोन पिवळी होत होती, चौथ्या पानावर वलय असलेला एक डाग होता आणि शेंड्याला नवं पान गुंडाळलेलं होतं. पाणी घालून ९ दिवस झाले होते, तरी बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसल्यावर माती चांगलीच ओली लागली. म्हणजे मुळांना हवा मिळत नव्हती आणि ती नीट काम करत नव्हती. मुळं वर काही पुरवू शकत नसताना तळाच्या दोन पानांतून मिळेल ते शेंड्याला हवंच होतं, म्हणून ती दोन्ही ठेवली. दोघांच्या देठाला पांढरा दोरा सैल बांधला, म्हणजे कुठल्या पानाची वाट पाहायची आहे ते पाणी घालताना विसरायला नको, आणि शेजारच्या पानावरून पिवळेपणा पुढे सरकतोय का हेही लगेच दिसावं. चौथं पान त्याच दिवशी कापलं. पाणी बंद केलं, कुंडीखालची बशी रिकामी केली.

सहाव्या दिवशी सगळ्यात खालच्या पानाचं पूर्ण पातं पिवळं होतं, पण देठ आणि मधली शीर अजून हिरवट होती. अंगठा टेकवून पाहिलं, ते सुटलं नाही. दहाव्या दिवशी देठही फिकट झाला होता, आणि जरा झुकवताच पान हातात आलं. मागे पेरावर कोरडा, फिकट व्रण होता, ओल नव्हती, आणि बगलेतला डोळा जागेवरच होता. दुसऱ्या पानाने आणखी चार दिवस घेतले. तोवर माती वरून दोन बोटं कोरडी झाली होती, तेव्हा पुन्हा पाणी दिलं, या वेळी थोडंसं, आणि पुढचं पाणी माती बोटाला कोरडी लागल्यावरच.

दोरा बांधलेल्या पानांवरचं तिसरं पान या काळात हिरवंच राहिलं. ते पिवळं पडलं असतं तर मी झाड कुंडीतून काढून मुळं पाहिली असती, कारण एकापाठोपाठ तिसरं पान जाणं म्हणजे वयाने गळणं नव्हे. पंधराव्या दिवशी फोटो काढून आधीच्या फोटोशेजारी ठेवला, तेव्हा शेंड्याचं गुंडाळलेलं पान उलगडलेलं दिसलं.